अष्टमीच्या चेंगराचेंगरीवर देवस्थान ट्रस्टचं निवेदन: वाचून काय वाटलं?

पेठेतला | नवमी, दुपारी १२:४०

आमच्या पेठेतल्या देवीच्या देवळात काल संध्याकाळी जे झालं ते इथल्या बऱ्याच जणांना कळलं असेल. व्हॉट्सअॅपवर त्याच्या चार-पाच आवृत्त्या फिरताहेत. एकीत माणसं दगावल्याचंही आहे, ते साफ खोटं. देवस्थानचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेठेतल्यांना कळेल, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही. आज सकाळी ट्रस्टने बाहेरच्या फळ्यावर निवेदन लावलं. काचेवर उजेड पडून फोटो नीट येईना, म्हणून टाइप करून देतोय.

*"सर्व भाविकांस नमस्कार. अष्टमीच्या सायंकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास दर्शनबारीच्या बोळात गर्दीचा रेटा वाढून काही भाविक पायरीपाशी पडले व मागचे भाविक त्यांच्या अंगावर आले. नऊ जण जखमी झाले. सात जणांना प्रथमोपचारानंतर घरी सोडण्यात आले. एका ज्येष्ठ भगिनींच्या मनगटाचे हाड मोडले आहे व एका भाविकास बरगड्यांना मार लागल्याने रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवण्यात आले. दोघांची प्रकृती स्थिर आहे. जीवितहानी झालेली नाही. उपचारांचा संपूर्ण खर्च ट्रस्ट करीत आहे.*

*आरतीसाठी दर्शन थांबविल्याने बारी नेहमीपेक्षा लांबली होती. त्यातच पाऊस आला व आरतीनंतर दार उघडताच एकदम रेटा आला. गर्दीचा अंदाज घेण्यात व्यवस्थापन कमी पडले. त्याची जबाबदारी विश्वस्त मंडळ स्वीकारत आहे व भाविकांची क्षमा मागत आहे.*

*आजपासून बोळातील बांबूचे कठडे काढून लोखंडी कठडे बसविण्यात येत आहेत. स्वयंसेवकांची संख्या दुप्पट केली आहे. आठ नवीन सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्यात येतील. सायंकाळी सहा ते दहा विशेष दर्शनाचे पास बंद राहतील. चप्पल स्टँड चौकातून हलविण्यात येईल. रुग्णवाहिका दिवसभर उभी राहील. पोलीस ठाण्यास माहिती दिली असून चौकशीस पूर्ण सहकार्य आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. गर्दीत हरवलेल्या वस्तू कार्यालयात ओळख पटवून न्याव्यात. – विश्वस्त मंडळ"*

निवेदन मला तरी बरं वाटलं. "काही समाजकंटकांनी" वगैरे नाही, सरळ क्षमा मागितली आहे. पण यातलं खरोखर उपयोगाचं काय आणि नुसतं दाखवायचं काय, हे मला कळत नाही. जाणकारांनी लिहावं. कुणी काल तिथे होतं का?

रोखठोक | दुपारी १:०५

दाखवायचंच आहे सगळं. दोन कारणं आहेत आणि दोन्ही सगळ्यांना माहीत आहेत. एक, पासवाले. तासभर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत बाजूच्या दाराने माणसं आत सोडतात, मग मागचे ढकलणारच. दोन, बांबू. चार सुतळ्या मारून बांधलेले बांबू, ते मोडले आणि माणसं पडली. लोखंडी कठडे पहिल्या माळेलाच लावले असते तर हे झालंच नसतं. तिसरं म्हणजे आपली पब्लिक. पावसाचे चार थेंब पडले की पळत सुटायचं.

नाना_७५ | दुपारी १:३०

निवेदन वाचले. पास बंद म्हणजे वार्षिक अभिषेकाचे पास पण बंद का? माझा दर पौर्णिमेचा अभिषेक असतो, पावती आहे माझ्याकडे. कार्यालयात फोन लावतो आहे, कोणी उचलत नाही.

पेठेतला | दुपारी १:४२

नाना, तो विशेष दर्शनाचा पास वेगळा आणि तुमचा अभिषेक वेगळा. तुमची पौर्णिमा चालू आहे. फोन आज कोण उचलणार?

मृण्मयी | दुपारी २:२०

मी होते. सासूबाई आणि मुलगा (सहा वर्षांचा) बरोबर होते. तिघंही ठीक आहोत, मुलाच्या गुडघ्याला खरचटलंय.

रोखठोक, कुणीही पळत नव्हतं हो. पळायला जागाच नव्हती. आम्ही साडेसातच्या आधीच बोळात शिरलो होतो, ताडपत्री घातलेल्या भागात. आरती सुरू झाली आणि बारी थांबली. पहिली दहा मिनिटं काही वाटलं नाही, बायका ओटीची ताटं सांभाळत गप्पा मारत होत्या. मग हळूहळू मागून जवळ येत गेले. कुणी ढकलत नव्हतं, पण प्रत्येक जण अर्धं पाऊल पुढे. पाऊस आल्यावर चौकातले लोक ताडपत्रीखाली घुसले तेव्हा माझा हात छातीशी अडकला तो अडकलाच. कपाळावर केस आले होते, ते बाजूला करायला हात वर नेता येईना. मग पूर्ण बारी डोलायला लागली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आपण चालत नाही, पण सरकतोय. मुलाला एका अनोळखी मुलाने उचलून खांद्यावर घेतलं म्हणून तो वाचला असं मी म्हणेन.

पुढे एक माणूस ओरडत होता, "मागे सरा, बाई पडलीय." आम्हाला ऐकू येत होतं. पण आमच्या मागे दहा फुटांवर फक्त आरती ऐकू येत होती, कर्णा तिथेच लावलाय. ते पुढेच येत राहिले. बांबू मोडल्यावर आम्ही बांगड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर पडलो आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

शिट्टीवाला | दुपारी ३:५०

अग्निशमनात नोकरी झाली, आता बोलावतील तिथे यात्रा-उत्सवांच्या बाऱ्या लावून देतो. हे देऊळ आणि तो बोळ दोन्ही पायाखालचे आहेत, म्हणून लिहितो.

मृण्मयीताईंनी जे लिहिलंय ते पोलिसांच्या जबाबापेक्षा मोलाचं आहे. हात तोंडापर्यंत नेता न येणं आणि स्वतः न हलता डोलणं, या दोन खुणा दिसल्या की गर्दी धोक्याच्या पलीकडे गेली. चौरस मीटरला चारपर्यंत माणसं उभी राहू शकतात, जरा अडचणीने. पाच-सहाच्या पुढे माणूस स्वतःच्या पायांवर राहत नाही, रेटा नेईल तिकडे जातो. सातच्या पुढे लाटा येतात. अशा गर्दीत लोक तुडवले जाऊन मरतात असा समज आहे. बरेचसे उभ्या-उभ्या, छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जातात. पळापळ झालेलीच नसते.

आता बांबूचं. रोखठोक, इथे तुमचं बरोबर उलटं आहे. माणसं आधी पायरीपाशी पडली, बांबू नंतर मोडला. बांबू मोडला म्हणून दाब बाजूला निघून गेला आणि आकडा नऊवर थांबला. तिथे जमिनीत रोवलेला लोखंडी कठडा असता तर ती माणसं कुठे गेली असती? लोखंडी कठडा वाईट नाही. पण त्याला दर आठ-दहा मीटरवर बाहेरून, किल्लीशिवाय उघडणारी फळी हवी आणि त्या फळीशी माणूस हवा. निवेदनात नुसते "लोखंडी कठडे" वाचून माझ्या पोटात गोळा आला.

पासचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. पासवाल्यांमुळे चीड येते आणि बारीचा वेगही घटतो. पण काल आरतीच्या वेळात पासवालेही आत जात नव्हते. त्या वेळेत जे साचलं ते पासमुळे नव्हे.

अवनी_कोथरूड | संध्याकाळी ४:१५

मग कशामुळे? पाऊस?

आणि ऑनलाइन स्लॉट बुकिंग का करत नाहीत? मोठ्या देवस्थानांत असतं. कॅमेरेही आहेतच, गर्दी मोजणारं सॉफ्टवेअर जोडलं की काम झालं.

शिट्टीवाला | संध्याकाळी ५:१०

पाऊस हे निमित्त. हिशेब मांडतो, म्हणजे दिसेल.

बोळ साधारण चाळीस मीटर लांब आणि दोन मीटर रुंद, म्हणजे ऐंशी चौरस मीटर. मीटरला चार धरली तरी तीनशे वीस माणसं, त्याच्यावर नाही. गाभाऱ्यापुढे ओटी भरून, नमस्कार करून माणूस हलायला चार सेकंद लागतात असं धरा. तेही पुजारी "चला, चला" म्हणत असतील तर. म्हणजे मिनिटाला पंधरा. अष्टमीच्या संध्याकाळी मिनिटाला वीसच्या आसपास माणसं येतात असं समजू. दर्शन चालू असतं तेव्हा मिनिटाला पाचच साचतात, बारी हळूहळू वाढते, निभतं.

आता दार बंद केलंत. आरती, मंत्रपुष्पांजली, प्रसाद, सगळं मिळून पंचवीस मिनिटं. पाचाऐवजी वीस साचायला लागली, म्हणजे पाचशे नवीन माणसं. बोळात आधीची दीडशे होतीच. साडेसहाशे माणसं आणि जागा तीनशे वीसची. उरलेली चौकात. चौकात काय आहे? चप्पल स्टँड, खणा-नारळाची दुकानं आणि बाहेर पडायची वाट. दर्शन झालेला माणूस चप्पल घ्यायला त्याच गर्दीत उलटा शिरतो. पाऊस आला, चौकातल्यांच्या डोक्यावर काही नाही, बोळात ताडपत्री आहे. ते आत घुसले. त्याच सुमारास आरती संपली आणि दोन्ही दारं सताड उघडली. पुढच्या वीस माणसांनी चार पावलं टाकली, मागच्यांना वाटलं बारी सुटली. प्रत्यक्षात गाभाऱ्यापुढचा वेग तोच, मिनिटाला पंधरा. पायरीवर एक आजी थांबल्या, पडल्या. पुढे जागा झाली की रेटा त्याच जागेत शिरतो, म्हणून दुसरा त्यांच्यावर, तिसरा त्याच्यावर.

हा हिशेब अदमासाचा आहे, पाच-पंचवीस माणसं इकडेतिकडे होतील. पण अर्थ बदलत नाही. बोळ दुप्पट रुंद केलात तरी दर्शनाचा वेग पंधराच राहणार, फक्त साठवण वाढेल. स्वयंसेवक दुप्पट केलेत आणि सगळे गाभाऱ्याच्या दारात उभे केलेत (तसंच करतात, कारण तिथे दर्शनही होतं) तर शेपटाकडे कोण आहे? गर्दी आवरायची असते ती शेपटाशी. दारातल्या माणसाला मागचं दिसत नाही आणि शेपटातल्याला पुढे कुणी पडलंय हे कळत नाही.

निवेदनातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझ्या मते क्षमेचं नाही. "आरतीसाठी दर्शन थांबविल्याने बारी लांबली", हे ते. कारण कबूल केलंय. पण खालच्या उपायांत त्या कारणावर एकही उपाय नाही, गंमत ही आहे. पास बंद, कॅमेरे, कठडे, रुग्णवाहिका, आणि आरती मात्र आहे तशी. चप्पल स्टँड हलवणं तेवढं नेमकं आहे.

अवनी, कॅमेरा चांगलाच. पण त्याच्यापुढे बसलेल्या माणसाला "बारी तोडा" म्हणायचा अधिकार आहे का? नसेल तर दुसऱ्या दिवशी चॅनेलला द्यायला चित्रफीत मिळते, एवढंच. आणि स्लॉट घेतलेला येईल ते ठीक, न घेतलेला खेड्यातून नवस फेडायला आला तर त्याला चौकातून परत पाठवणार का?

अवनी_कोथरूड | संध्याकाळी ५:३०

परत नका पाठवू, तिथेच टोकन द्या आणि दोन तासांनी या म्हणा. लोक लक्ष्मी रोडला फिरतील, खातील, येतील. सगळ्यांना एकाच जागी उभं का करायचं हा माझा प्रश्न आहे.

शिट्टीवाला | संध्याकाळी ५:४४

लहान मुलांवाले घेतील टोकन. बाकीचे "इथेच थांबतो" म्हणतात असा माझा अनुभव आहे. करून बघायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबून दोरी सोडू नये.

रोखठोक | संध्याकाळी ६:०२

बांबूचं पटलं. पण म्हणजे लोकांची काहीच चूक नाही? आरती अर्धा तास चालते हे लहान पोराला माहीत आहे, मग नेमकं आठ वाजताच यायचं कशाला?

मृण्मयी | संध्याकाळी ६:२०

कारण नोकरी साडेसहाला सुटते.

सेवेकरी | रात्री ११:५०

मी या देवळात नवरात्रात सेवेला असतो, कालही होतो. ट्रस्टतर्फे लिहीत नाही, स्वतःचं लिहितोय.

शेपटाकडे कुणी नव्हतं हे खरं नाही, दोघे होते. पण त्यांचा दाराशी संपर्क नव्हता. एवढ्या गर्दीत मोबाइलला रेंज येत नाही, फोन लागतच नाही. चौकातून एक मुलगा निरोप घेऊन निघाला होता, तो बोळातच अडकला. माइक आहे, पण आरतीच्याच कर्ण्यांना जोडलेला, आणि आरती थांबवून "मागे सरा" म्हणायचं धाडस कुणाला होतं? गुरुजींना आत काही कळलंच नव्हतं.

आज संध्याकाळी काय केलं ते सांगतो. दुपारी पोलीस ठाण्यातून साहेब येऊन गेले. त्यांनी आणि विश्वस्तांनी मिळून ठरवलं. चौकाच्या तोंडाशी पिवळा पट्टा मारला. बारी पट्ट्याला टेकली की दोरी, पुढे कुणी नाही. बाकीचे शाळेच्या मैदानावर, पन्नास-पन्नासच्या गटाने सोडायचे. आरती आटपशीर घेतली, बारा-तेरा मिनिटांत संपवली, आणि तेवढा वेळ मुखदर्शन बाजूच्या खिडकीतून चालू ठेवलं. आरतीनंतर दार एकदम न उघडता अर्धंच उघडलं. वॉकीटॉकी मंडपवाल्याकडून आणल्या. बाहेर जायला मागची गल्ली.

शिट्टीवाला | रात्री १२:०५

हे सगळं निवेदनात का नाही? लोकांना आधी कळलं तर दोरीशी भांडण निम्मं होतं.

पेठेतला | दशमी, सकाळी ८:३०

काल मी मुद्दाम पावणेआठला गेलो. दोरी होती. भांडणंही होती. मैदानावर डोक्यावर छप्पर नाही आणि पुन्हा भुरभुर चालू झाली. एका काकूंनी स्वयंसेवकाला "देवीच्या दारात अडवतोस" म्हणून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. चाळीसेक मिनिटं मैदानावर गेली. पण बोळात शिरल्यावर हात हलवता येत होते, ताट आडवं धरता येत होतं.

एक घोळ दिसला. मागच्या गल्लीतून बाहेर काढतात, पण तिथे दोन्ही बाजूंना दुचाक्या. जेमतेम एक माणूस जातो, आणि मैदानावर कंटाळलेली काही मंडळी त्याच गल्लीतून उलटी आत येत होती. "आम्ही इथेच राहतो" म्हटलं की स्वयंसेवक सोडतो. राहणारे खरे किती, देवीला ठाऊक.

शिट्टीवाला | सकाळी ९:१५

ही गल्ली या आठवड्यात सगळ्यात धोकादायक जागा आहे, लिहून ठेवा. मोकळ्या सपाट वाटेने एक मीटर रुंदीतून मिनिटाला ऐंशीच्या आसपास माणसं जातात, पायऱ्या असतील तर पासष्ट-सत्तर. तुमचे येणारे मिनिटाला पंधरा. म्हणजे दुचाक्या हटवल्या आणि उलटी येणारी माणसं बंद केली तर गल्ली पुरून उरते. पण समोरासमोर माणसं आली की हा हिशेब मोडतो, मग रुंदीला अर्थ राहत नाही.

पावसाचं हलक्यात घेऊ नका. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला काय झालं आठवा. तेही नवरात्रच होतं. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले, खालून-वरून गाड्यांची माणसं येत राहिली, २३ जण गेले. मैदानावर छप्पर नसेल तर दोरी पावसात टिकणार नाही. लोक मैदान सोडून ताडपत्रीकडेच धावतील. एक तर मैदानावर पत्र्याची शेड टाका, नाही तर बोळावरची ताडपत्री काढा. एका बाजूला कोरडं आणि दुसऱ्या बाजूला ओलं असं ठेवू नका.

नाना_७५ | सकाळी ९:४०

मांढरदेवीची आठवण झाली. आमच्या शेजारचे एक कुटुंब गेले होते, सुदैवाने पायथ्याशीच राहिले. तेव्हा म्हणाले की नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या.

शिट्टीवाला | सकाळी १०:००

बरोबर नाना. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. तीनशेच्या आसपास माणसं गेली. निसरड्या पायऱ्या, दोन्ही बाजूंच्या दुकानांनी अरुंद झालेली वाट, मग दुकानांना आग. न्यायमूर्ती कोचर आयोग बसला होता. आपल्या चौकातली खणा-नारळाची दुकानं बघितली की मला तीच वाट दिसते. निवेदनात दुकानांबद्दल अवाक्षर नाही.

रोखठोक | सकाळी १०:२०

कसं असेल? दुकानांचं भाडं कुणाला जातं ते विचारा.

सेवेकरी | दुपारी २:१०

विचारा की. चौक महापालिकेचा आहे, ट्रस्टचा नाही. भाडं ट्रस्टला येत नाही. ट्रस्टची हद्द महाद्वारापर्यंत. दुकानं उठवायची तर अतिक्रमण विभागाने, दुचाक्या उचलायच्या तर वाहतूक पोलिसांनी. ट्रस्टने पत्रं दिली आहेत. आणि ती दुकानं चालवणाऱ्या बायका तिथे तीन पिढ्या बसतात. नवरात्रातल्या कमाईवर त्यांचं वर्ष चालतं. "उठवा" म्हणणं सोपं आहे.

मृण्मयी | दुपारी २:४०

उठवू नका, मैदानावर नेऊन बसवा ना. लोक तिथे चाळीस मिनिटं उभे राहणारच आहेत, ओटीचं सामान तिथेच घेतील. चौक मोकळा होईल आणि त्यांचा धंदाही होईल.

सेवेकरी | दुपारी २:५५

ही सूचना पुढे देतो. शाळा तयार होईल का माहीत नाही, मैदान आपल्याला फक्त संध्याकाळपुरतं मिळालंय.

अवनी_कोथरूड | दुपारी ३:३०

एक विचारू? समजा मी अशा बारीत अडकले आणि दोरी वगैरे काहीच नाही. तेव्हा काय करायचं?

शिट्टीवाला | संध्याकाळी ४:२०

हात लटकलेले ठेवायचे नाहीत. दोन्ही हात मुठी वळून छातीपुढे घ्यायचे, म्हणजे फासळ्यांपुढे वितीएवढी जागा राहते आणि श्वास चालतो. रेट्याच्या उलट जोर लावायचा नाही, दमून पडाल. लाट ओसरली की तिरकं, कडेकडे सरकायचं. भिंतीला किंवा कठड्याला चिकटून मात्र राहू नका, दाब तिथे सगळ्यात जास्त येतो. दुकानाचा ओटा, दाराचा कोनाडा, जिना दिसला की त्यात शिरायचं. मूल वर घ्यायचं. चप्पल, मोबाइल, ताट पडलं तर वाकायचं नाही, कितीही किमतीचं असो. पडलातच तर गुडघे पोटाशी, हात डोक्यावर, कुशीवर. पालथं नाही, उताणं नाही.

पण हे शेवटचं. डोलायला लागण्याच्या बरंच आधी, म्हणजे दोन्ही खांदे शेजाऱ्यांना सतत लागताहेत असं वाटलं की बारीतून बाहेर पडा. त्या वेळी पडता येतं. ११२ ला फोनही तेव्हाच करायचा.

रोखठोक | संध्याकाळी ५:००

तासभर उभं राहून बारी सोडायची? कोण सोडतंय!

शिट्टीवाला | संध्याकाळी ५:१२

म्हणूनच ते भाविकांवर सोडायचं नाही, दोरी लागते.

पेठेतला | एकादशी, सकाळी ११:२०

ट्रस्टने काल रात्री पुरवणी निवेदन लावलं. आधीच्यासारखं लांब नाही. थोडक्यात असं: आरतीच्या वेळी मुखदर्शन कायम चालू राहील. बारी पिवळ्या पट्ट्याशी तोडण्याचा निर्णय चौकातला प्रमुख स्वयंसेवक घेईल आणि तो विश्वस्तांनाही मानावा लागेल. सूचनांसाठी आरतीपासून वेगळा माइक आणि वेगळे कर्णे. लोखंडी कठड्यांना चार ठिकाणी उघडणाऱ्या फळ्या. विशेष पास गर्दीच्या सर्व दिवशी संध्याकाळी बंद. हे सगळं कोजागिरीपासून लागू. मनगट मोडलेल्या आजींच्या घरी अध्यक्ष स्वतः जाऊन आले, असंही लिहिलंय.

दुकानांवर आणि मागच्या गल्लीवर "संबंधित विभागांशी पत्रव्यवहार सुरू आहे" एवढंच. मैदानावरच्या छपराबद्दल काही नाही.

शिट्टीवाला | सकाळी ११:५५

"विश्वस्तांनाही मानावा लागेल" हे लिहून दिलं असेल तर मोठी गोष्ट आहे. मी बघितलेल्या बऱ्याच ठिकाणी दोरी विश्वस्तांच्या पाहुण्यांसाठीच पहिल्यांदा सुटते. फळ्या चार म्हणजे बरोबर दहा मीटरला एक. पायरीचं काय केलं? ती पायरी काढून उतार करायला हवा, निदान तिच्यावर पिवळा रंग आणि दिवा तरी.

सेवेकरी | दुपारी १:३०

पायरी जुनी आहे, दगडी. काही विश्वस्त उतार करा म्हणतात, काही हात लावू नका म्हणतात. रंगाला सगळे तयार आहेत. बाकी रविवारच्या बैठकीत.

पट्टा कुठे मारायचा यावरही वाद आहे. आत्ता अंदाजाने मारलाय. काही जणांना तो फार अलीकडे वाटतो, त्यांच्या मते बोळात अजून शंभर माणसं मावतील. तुम्ही येऊन मापं घेऊन द्याल का? बैठकीत कागद ठेवता येईल.

शिट्टीवाला | दुपारी १:४०

येतो. पन्नास मीटरची टेप आहे माझ्याकडे, दुसरं टोक धरायला एक माणूस द्या. बोळ मोकळा असताना आणि दुकानं मांडलेली असताना, दोन्ही मापं लागतील. रविवारी सकाळी सहा?

पेठेतला | दुपारी १:५२

टेप मी धरतो. पण सहाला नको, काकडआरती असते आणि दूधवाल्यांच्या गाड्या बोळाच्या तोंडाशी असतात. साडेसातला या. दुकानं आठला मांडायला लागतात, दोन्ही मापं एकाच फेरीत होतील.

नाना_७५ | दुपारी २:१५

मी पण येतो. कार्यालय उघडे असेल ना तेव्हा? अभिषेकाचे विचारायचे आहे.